शंभर प्रश्नांचे फोटो आणि उत्तरं नुसत्या अक्षरांत: उत्तरं सरकली किंवा शंका हरवल्या तर काय तपासावं

पोलीस भरतीची सराव प्रश्नपत्रिका, शंभर प्रश्न, वेळ नव्वद मिनिटं. पुस्तकाच्या मागची उत्तरांची पानं फाटलेली असतात किंवा छापलेली उत्तरंच चुकीची असतात. मग मुलं बारा-तेरा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतात आणि खाली लिहितात, “सर, स्पष्टीकरण नको, फक्त अ ब क ड द्या.” त्यांचं बरोबर आहे. त्यांना आधी गुण मोजायचे असतात, चुकलेले प्रश्न मागाहून समजून घ्यायचे असतात. मी आमच्या अभ्यासिकेत रात्री हे काम करतो. त्यात तोच बिघाड पुन्हा पुन्हा येतो आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

बिघाड कसा दिसतो

बिघाड दोन आहेत आणि बहुतेक वेळा ते एकत्रच येतात.

पहिला, उत्तरं सरकणं. मुलाचे गुण नेहमीपेक्षा अचानक खूप कमी येतात. निरखून पाहिलं तर चुका सगळीकडे विखुरलेल्या नसतात. एका ठरावीक क्रमांकापर्यंत सगळं ठीक असतं आणि तिथून पुढे जवळजवळ सगळंच चुकलेलं असतं. कधी मधलाच एक पट्टा चुकतो आणि पुढे पुन्हा गाडी रुळावर येते.

दुसरा, शंका हरवणं. उत्तर देताना मला सात-आठ प्रश्नांची खात्री नव्हती, पण मुलाच्या वहीत शंभरही अक्षरं सारख्याच ठामपणे उतरलेली असतात. आठवड्याने तो मला सांगतो, “सर, तुम्ही दिलेलं ‘ब’ होतं, मी तेच पाठ केलं.” किंवा याच्या उलट होतं. शंकेच्या खुणा इतक्या असतात की मुलगा त्यांच्याकडे बघणंच सोडून देतो. एक लक्षण मला उशिरा कळलं. शंकेच्या सगळ्या खुणा पहिल्या पन्नास प्रश्नांत असतील आणि पुढच्या पन्नासांत एकही नसेल, तर पुढचे प्रश्न सोपे होते असं समजू नका. उत्तर देणारा थकला होता.

आता तपासण्या. पहिल्या दोन तपासण्या काही मिनिटांतच होतात, शेवटच्या तीन वेळखाऊ. याच क्रमाने करा, कारण माझ्याकडे आलेली बहुतेक प्रकरणं पहिल्या दोनांतच सुटली आहेत.

१. अक्षरं मोजा

सर्वांत स्वस्त तपासणी हीच. शंभर प्रश्नांना शंभर अक्षरं आहेत का? मी पूर्वी अक्षरं एकाच ओळीत सलग लिहायचो. त्यात एखादं जास्त झालं किंवा गळलं तर डोळ्यांना दिसत नाही. आता दहा-दहाच्या ओळी करतो आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला क्रमांक लिहितो.

```
३१-४०  ब अ ड क क अ ब? ड अ क
४१-५०  क ब ब अ/ब ड अ फ क ड ब
```

प्रत्येक ओळीत दहा जागा. एखाद्या ओळीत नऊ किंवा अकरा आल्या तर चूक त्या ओळीतच आहे, बाकीच्या नव्वद प्रश्नांना हात लावायची गरज नाही. शिवाय एखादी ओळ सरकली तरी पुढची ओळ आपल्या क्रमांकापासून नव्याने सुरू होते, त्यामुळे चूक पुढे वाहत जात नाही.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. उत्तर येत नसेल किंवा वाचता येत नसेल तरी जागा रिकामी सोडू नका, तिथे काहीतरी खूण लिहा. रिकामी जागा मुलगा वहीत उतरवताना गिळतो आणि तिथून सगळं एकाने पुढे येतं.

२. फोटोंच्या सांध्यावर काय झालं ते बघा

मोजणी जुळत नसेल तर चूक बहुधा दोन फोटोंच्या सांध्यावर असते. एक प्रसंग सविस्तर सांगतो, त्यात सगळं येतं.

एका मुलीचे सराव परीक्षेत नेहमी सत्तरच्या आसपास गुण यायचे. माझ्या अक्षरांवरून तिने तपासलं तर अठ्ठेचाळीस. ती वही घेऊन आली, चेहरा उतरलेला. आम्ही बरोबर-चूक क्रमाने पाहिलं. पहिल्या एक्केचाळीस प्रश्नांत बत्तीस बरोबर होते आणि पुढच्या एकोणसाठांत फक्त सोळा. चार पर्यायांच्या प्रश्नांत कुणी डोळे मिटून खुणा केल्या तरी एकोणसाठांत पंधराच्या आसपास जुळतातच. म्हणजे बेचाळीसपासून पुढे माझ्या अक्षरांचा तिच्या प्रश्नांशी काही संबंधच उरला नव्हता. चूक तिची नाही, यादीची आहे, हे तिथेच कळलं.

माझी अक्षरं मोजली, एकशे एक भरली. मग फोटो उघडले. एक्केचाळिसावा प्रश्न पानाच्या तळाशी होता. सहाव्या फोटोत तो प्रश्न आणि त्याचे पहिले दोन पर्याय आले होते. काही सुटू नये म्हणून तिने सातवा फोटो थोडा वरून घेतला, त्यामुळे तोच प्रश्न सातव्या फोटोत पूर्ण आला. मी सहाव्या फोटोवरून त्याचं उत्तर लिहिलं, सातवा उघडला आणि वरचा पहिला प्रश्न नवा समजून पुन्हा लिहिलं. बेचाळिसाव्या जागी एक्केचाळीसचंच उत्तर बसलं आणि पुढचं प्रत्येक अक्षर एकाने मागे पडलं.

ते जादा अक्षर खोडून उरलेली अक्षरं एकेका घराने वर घेतली तेव्हा शेवटच्या एकोणसाठांत एक्केचाळीस बरोबर निघाले. एकूण त्र्याहत्तर. तिला मी तेव्हाच सांगितलं की चूक माझी होती.

तेव्हापासून प्रत्येक फोटो संपला की त्यातल्या शेवटच्या प्रश्नाचा छापील क्रमांक वाचतो आणि माझ्या यादीतला शेवटचा क्रमांक तोच आहे का बघतो. तेरा फोटोंना तेरा वेळा थांबावं लागतं, एकूण मिनिटभरही जात नाही. सांधा जुळला नाही तर पुढचा फोटो उघडतच नाही.

याच तपासणीत फोटोंचा क्रमही बघा. एकदम बरेच फोटो पाठवले की ते कधी मागेपुढे होतात. फोटो कितवा आला यावर विश्वास ठेवू नका, त्यात छापलेल्या प्रश्नक्रमांकावर ठेवा.

३. अक्षराचा अर्थ दोघांना एकच लागतो आहे का

मोजणी जुळते, सांधे जुळतात, तरी एखाद्या प्रकारचेच प्रश्न चुकतात. तेव्हा इथे बघा.

काही पुस्तकांत पर्याय अ, ब, क, ड असे असतात, काहींत १, २, ३, ४ आणि काही जुन्या पुस्तकांत अ, आ, इ, ई. मी सवयीने ‘ब’ लिहितो आणि मुलाच्या पानावर ‘ब’ नावाचा पर्यायच नसतो. तो आपल्या परीने अर्थ लावतो. यादीच्या अगदी वर एक ओळ टाकायची, “अ म्हणजे पहिला पर्याय, ड म्हणजे चौथा”, की हा घोळ मिटला.

लोकसेवा आयोगाच्या पद्धतीच्या प्रश्नांत घोळ जास्त खोल आहे. तिथे विधानांना अ, ब, क अशी नावं असतात आणि पर्याय १ ते ४ असतात: “फक्त अ आणि ब”, “फक्त ब”, “वरील सर्व”. अशा प्रश्नाला मी ‘ब’ लिहिलं तर ते विधान ब की दुसरा पर्याय? मुलगा विधान समजतो. अशा प्रश्नपत्रिकेला अक्षरं देऊच नका, सरळ आकडे द्या. मुलाने अक्षरं मागितली असली तरी त्याला खरं तर एका खुणेत उत्तर हवं असतं आणि आकडा ते काम चोख करतो.

४. फोटोने प्रश्न बदलला आहे का

इथून काम वेळ खातं. अक्षर योग्य जागी आहे, मला उत्तराची खात्रीही होती, तरी ते चुकलं. तेव्हा फोटो मोठा करून प्रश्न पुन्हा वाचा. मला चार ठिकाणी फोटोने फसवलं आहे.

पहिली जागा डावा समास. “खालीलपैकी अयोग्य विधान कोणते” हा प्रश्न दोन ओळींत तुटला आणि दुसरी ओळ ‘अयोग्य’ या शब्दाने सुरू झाली. फोटो डावीकडून जरासा कापला की ‘अ’ जातो आणि उरतं ‘योग्य’. वाक्य तरीही सुरळीत वाचलं जातं, म्हणून संशयच येत नाही. डावी कड कापलेली दिसली की त्या फोटोतला प्रत्येक ‘योग्य’ मी संशयित धरतो.

दुसरी जागा अधोरेखित शब्द. “झाडावर माकड वर चढले. अधोरेखित शब्दाची जात ओळखा.” रेघ ‘झाडावर’मधल्या ‘वर’खाली असेल तर शब्दयोगी अव्यय, सुट्या ‘वर’खाली असेल तर क्रियाविशेषण अव्यय आणि ‘माकड’खाली असेल तर नाम. तिन्ही पर्याय प्रश्नात दिलेले असतात. पुसट फोटोत रेघ दिसत नाही आणि आपण नकळत स्वतःच एक शब्द निवडून उत्तर देतो. रेघ दिसत नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही, एवढं मान्य करायचं.

तिसरी जागा शुद्धलेखन. पारितोषिक, पारितोषीक, पारीतोषिक, पारितोशिक. चार पर्यायांत फरक आहे तो वेलांटीच्या बाजूचा किंवा ष आहे की श एवढाच. बरोबर शब्द ‘पारितोषिक’ हे मला माहीत आहे, पण तो कितव्या जागी आहे हे फोटो स्पष्ट असल्याशिवाय सांगता येत नाही. माहिती पक्की असताना उत्तर चुकतं ते अशा प्रश्नांत.

चौथी जागा आकडे. देवनागरी १ आणि ९ पुसट फोटोत एकसारखे दिसतात, आणि २.५ मधला टिंब उडाला की पंचवीस होतात. इथे एक आधार आहे. गणित सोडवून आलेलं उत्तर चारही पर्यायांत नसेल तर आधी स्वतःच्या आकडेमोडीवर संशय घेण्याऐवजी प्रश्नातला १ हा ९ तर नाही ना, ते बघा.

फोटो स्पष्ट मागवायचा असेल तर मुलांना सांगा की पान सपाट ठेवा, वरून सरळ घ्या, सावली पडू देऊ नका आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि वेलांट्या तिथेच जातात. शंभर प्रश्नांसाठी हा आग्रह जड वाटतो, पण निदान व्याकरणाच्या पानांसाठी तरी धरा.

अजून एक. फोटोत मुलाने पेन्सिलने केलेली खूण दिसत असेल तर ती बोटाने झाका आणि मग प्रश्न वाचा. खूण दिसली की आपलं मन त्या पर्यायाच्या बाजूने कारणं शोधू लागतं. कोरी पानं मागितलेली उत्तम.

५. शंकेची खूण नेमकी कशासाठी आहे

यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे. सुरुवातीला शंका आली की मी अक्षरापुढे प्रश्नचिन्ह टाकायचो आणि पुढे जायचो. मुलांना त्यातून काहीच कळायचं नाही, कारण शंका एका जातीची नसते आणि प्रत्येक शंकेवर करायचं कामही वेगळं असतं. आता चार खुणा वापरतो.

```
ब?    माझी खात्री नाही, बहुधा ब
अ/ब   दोन्ही उत्तरं टिकतात, प्रश्नातच घोळ
०     एकही पर्याय बरोबर नाही
फ     फोटो वाचता आला नाही
```

‘फ’ दिसला की मुलाने त्या एका प्रश्नाचा पुन्हा फोटो पाठवायचा. ‘ब?’ दिसला की पुस्तकात बघायचं आणि तोवर पाठ करायचं नाही. ‘०’ आणि ‘अ/ब’ असतील तर तो प्रश्न गुण मोजताना वगळायचा, चुकला म्हणून वाईट वाटून घ्यायचं नाही.

‘अ/ब’ कधी वापरावं? “२, ४, ८, ?” ही मालिका घ्या. दुप्पट करत गेलं तर १६ आणि फरक २, ४, ६ असा वाढवत गेलं तर १४. पर्यायांत दोन्ही असतील तर प्रश्न अपुरा आहे. किंवा “भारतातील सर्वोच्च शिखर कोणते?” या प्रश्नात के-२ आणि कांचनजंगा दोन्ही पर्याय दिलेले असतात. के-२ची उंची ८,६११ मीटर, कांचनजंगाची ८,५८६. पण के-२ पाकिस्तानच्या ताब्यातल्या भागात येतं. भारताच्या अधिकृत नकाशाचा विचार करणारा एक उत्तर देईल, प्रत्यक्ष ताब्याचा विचार करणारा दुसरं. इथे एकच अक्षर ठामपणे देणं म्हणजे मुलाला अर्धीच गोष्ट सांगणं.

‘?’ कधी टाकावं, याची माझी कसोटी अशी. उत्तर निवडल्यावर स्वतःला विचारतो, उरलेल्या तिघांपैकी दुसऱ्या क्रमांकावर कोण? त्याला का बाद केलं ते एका वाक्यात सांगता आलं तर खूण नाही. सांगता आलं नाही तर खूण. नुसतं “थोडं अवघड वाटलं” म्हणून प्रश्नचिन्ह टाकत गेलं की शंभरात तीस होतात आणि मग खऱ्या सहा शंका त्यांत बुडतात.

यादीच्या शेवटी शंकेचे क्रमांक एका ओळीत पुन्हा लिहा, त्यांची संख्याही लिहा.

```
शंका ४: ३७ ब?, ४४ अ/ब, ४७ फ, ८२ ०
```

हे दुबार लिहिणं मला आधी फालतू वाटलं होतं. पण मुलं वहीत अक्षर उतरवतात, प्रश्नचिन्ह उतरवत नाहीत. मी पाच-सहा वह्या समोर ठेवून पाहिलं तेव्हा खात्री झाली. वेगळी ओळ मात्र ती उतरवतात. शिवाय संख्या लिहिली की वहीतल्या खुणा त्याच्याशी ताडून बघता येतात. नकारात्मक गुण असलेल्या परीक्षेसाठी ही ओळ आणखी कामाची. राज्यसेवा पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण कापतात, त्यामुळे कोणता प्रश्न सोडून द्यायचा हे कळणंही तयारीचाच भाग असतं.

आणि थकव्यावर उपाय एकच आहे, पंचवीस प्रश्नांनंतर थांबणं. पाणी प्या, पाच मिनिटं मोबाइल खाली ठेवा. प्रत्येक पंचविसाचा शेवट आला की त्यातल्या शंका मोजा. आधीच्या तीन गटांत प्रत्येकी दोन-तीन आणि चौथ्यात शून्य असेल, तर चौथा गट दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा.

६. दुसऱ्याकडून आंधळी तपासणी

वरचं सगळं करूनही यादीवर भरवसा वाटत नसेल तर प्रत्येक ओळीतून दोन असे वीस प्रश्न निवडा आणि ते दुसऱ्या कुणाला तरी फोटोवरूनच सोडवायला द्या. माझी अक्षरं त्याला दाखवायची नाहीत. मी ‘ठाम’ म्हणून दिलेल्या वीसांत दोनपेक्षा जास्त ठिकाणी फरक आला तर माझ्या ठामपणातच गडबड आहे, आणि अख्खी यादी पुन्हा करावी लागते. यात एक संध्याकाळ जाते, म्हणून ही तपासणी शेवटी ठेवली आहे.

कुठे थांबायचं

एकाच विषयाच्या पंचवीस प्रश्नांत सात-आठ शंका आल्या तर पुढची अक्षरं देऊ नका. तो विषय शिकवणाऱ्याकडे ते फोटो द्या. मी बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण बघतो. कायद्याच्या कलमांचे प्रश्न आले की आमच्याकडच्या वकील ताईंना पाठवतो आणि मुलांना तसं कळवतो.

फोटो वाचता येत नसेल तर दोनदा मागवा. तिसऱ्यांदाही तसाच आला तर मुलाला पुस्तकच घेऊन यायला सांगा.

प्रत्यक्ष झालेल्या परीक्षेची अधिकृत उत्तरतालिका आली असेल आणि माझं उत्तर तिच्याशी जुळत नसेल, तर तिथे माझ्या अक्षराला काही किंमत नाही. हरकत घ्यायची तर ती उमेदवाराने स्वतः, दिलेल्या मुदतीत, ठरवून दिलेल्या पद्धतीने आणि प्रमाण पुस्तकाच्या आधाराने घ्यायची असते. पुरावा कोणता जोडायचा ते विषयाच्या शिक्षकांना विचारा.

आणि फोटो चालू परीक्षेतले आहेत असं वाटलं तर, म्हणजे परीक्षेची वेळ अजून संपलेली नसेल, अनोळखी क्रमांकावरून आले असतील, “लवकर द्या” असा तगादा असेल, तर एकही अक्षर लिहू नका. सार्वजनिक परीक्षांतल्या अशा प्रकारांवर २०२४ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला आहे. फोटो पुढे पाठवू नका, पुसूही नका, आणि लगेच पोलिसांना व परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाला कळवा.